विषय: शुक्रवारी पाठवलेले 4,000 दिरहम, परस्पर बदललेला दर आणि न दिलेला यूटीआर नंबर

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर माझा पाचवा फोन झाला. पुन्हा तेच उत्तर, "सिस्टीममध्ये कम्प्लिटेड दिसतंय." म्हणून आता लेखी देतोय. मी शारजात नोकरी करतो, सध्या रजेवर घरी आलोय आणि वडिलांचं पासबुक समोर ठेवूनच लिहितोय.

3 तारखेला, शुक्रवारी दुपारी 12 वाजून 10 मिनिटांनी मी तुमच्या ॲपवरून 4,000 दिरहम पाठवले. फी शून्य, दर 23.84, वडिलांच्या खात्यात 95,360 रुपये, आणि "एका तासात जमा". पैसे माझ्या खात्यातून तेव्हाच गेले. वडिलांच्या खात्यात आले ते मंगळवारी 7 तारखेला, आणि आले 94,840. म्हणजे दर लावला 23.71. 520 रुपये कमी.

रविवारी 5 तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता होता. ऑगस्ट 2021 पासून हप्त्याची वसुली सुट्टीच्या दिवशीही होते, रविवार म्हणून बँक थांबत नाही. खात्यात पैसे नव्हते, हप्ता बाउन्स झाला. 500 दंड आणि जीएसटी धरून 590 रुपये गेले. सात वर्षांत आमचा एकही हप्ता चुकला नव्हता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला फोन केला. त्याच वेळी वडील बँकेच्या मशीनवर पासबुक भरून घेत होते. त्यांनी मला सांगितलं, "बाळा, दोनदा भरून घेतलं, एंट्री न्हाई." मी तुमच्या माणसाकडे फक्त यूटीआर नंबर मागितला. तो म्हणाला, पैसे पोचलेत. मी म्हटलं, पोचले असतील तर यूटीआर द्या, वडील काउंटरवरच उभे आहेत, बँकवाले दोन मिनिटांत शोधतील. त्यावर त्यानं विचारलं, "तुमच्या वडिलांना खातं बघता येतं का? वयस्कर लोकांना मेसेज कळत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा." माझे वडील साखर कारखान्यात 31 वर्षं हिशेबनीस होते. त्यांना जमा आणि नावे कळत नाही, असं तुमचा माणूस मला सांगत होता आणि त्या वेळी तुमच्याकडून पैसे निघालेलेच नव्हते.

निघालेच नव्हते, हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, रविवारीसुद्धा चालते आणि दर अर्ध्या तासाला तिची बॅच सुटते. ज्या बॅचमधून पैसे सुटतात, तिच्यानंतर दोन तासांत ते खात्यात जमा व्हायला हवेत, नाहीतर परत जायला हवेत. चार दिवस ते वाटेत अडकून राहूच शकत नाहीत. यूटीआर नंबर पैसे खरोखर सुटले की तयार होतो. तुमच्याकडे तो नव्हता, म्हणूनच तुम्ही दिला नाही. चौथ्या फोनवर तुमच्या एका बाईंनी अखेर कबूल केलं, की भारतातल्या बँकेत तुमचं जे रुपयांचं खातं आहे त्यातली शिल्लक शुक्रवारी संपली होती आणि ती सोमवारी भरली. मग शुक्रवारी "एका तासात" असं का दाखवलंत? आणि उशीर तुमचा असताना सोमवारचा पडता दर मला का लावलात? 23.84 हा दर तुम्ही दिलेला होता.

आता त्या शून्य फीबद्दल. त्याच दुपारी बाजारातला दर 24.15 होता. तुमचा 23.84. दिरहममागे 31 पैसे, म्हणजे 4,000 वर 1,240 रुपये तुम्ही दरातच कापले. आमच्या खोलीतला कागलचा पोरगा दुसऱ्या एक्स्चेंज हाउसमधून पाठवतो. त्याला दर मिळाला 24.08, फी 15 दिरहम आणि तिच्यावर 5 टक्के व्हॅट. दरात त्याचे 280 रुपये गेले, फीचे साधारण 380. एकूण 660. त्याच्या पावतीवर फी दिसते, तुमच्या पावतीवर दिसत नाही, पण घरी पैसे त्याचे जास्त पोचतात. मी तीन वर्षं नुसती फी बघत आलो. मार्जिन तुम्ही आकारा, धंदा आहे तुमचा, पण ते फीसारखं आकड्यात दाखवा.

मला 520 रुपये परत हवेत, बाउन्सचे 590 हवेत, आणि पैसे प्रत्यक्ष कोणत्या तारखेला, किती वाजता सोडले ते लेखी हवं. वडिलांबद्दल जे बोललं गेलं त्याची माफी त्यांना फोन करून मागा, मला नको. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर सगळी कागदपत्रं घेऊन मी यूएईच्या सनदक या बँक-विमा तक्रारींच्या लोकपालाकडे तक्रार करणार आहे. पुढच्या महिन्याचे पैसे तुमच्याकडून जाणार नाहीत. आमच्या खोलीतल्या सहा जणांपैकी चार जण तुमचं ॲप वापरतात, त्यांनाही मी हे पासबुक दाखवणार आहे.

सोबत: पासबुकाच्या पानाचा फोटो, शुक्रवारची ॲपमधली पावती, बाउन्सचा मेसेज.

आपला,
तीन वर्षांचा ग्राहक