कर्जाचं माहितीपत्रक मराठीत द्या, पण कळेल अशा मराठीत : बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी साहेब,
बेळगाव जिल्हा.

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात राहतो. आयुष्यभर बँकेत कर्ज विभागात काम केलं, आता निवृत्त आहे. गावातली माणसं कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. जिल्ह्यातल्या बँकांच्या सल्लागार समितीचे आपण अध्यक्ष आहात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

आमच्या आळीतल्या एका मुलीने शिलाई मशीन आणि कापडासाठी एका वित्त कंपनीकडून 60,000 रुपये घेतले. मुदत 24 महिने, व्याज 24 टक्के, हप्ता 3,172 रुपये. सोबत मुख्य माहितीचं पत्रक होतं, कन्नडमध्ये. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. बाजारात, बसमध्ये कन्नड छान बोलते, पण छापील कन्नड तिला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं. तिने मला विचारलं, “काका, चोवीस टक्के म्हणजे शेकडा दोनच ना?”

महिन्याला शेकडा किती, हाच आमच्याकडचा हिशोब. व्याजापुरतं तिचं बरोबरच होतं, आणि दर ठरावीक होता, मुदतीत बदलणारा नव्हता. पण त्याच पत्रकात खाली प्रक्रिया शुल्क 1,200 रुपये, त्यावर जीएसटी 216 रुपये आणि विम्याचे 1,800 रुपये लिहिले होते. हे सगळं आधीच कापून तिच्या खात्यात 56,784 रुपये आले. हप्ता मात्र पूर्ण साठ हजारांवरचा. म्हणजे हातात आलेल्या रकमेवर तिला वर्षाला सुमारे 29.9 टक्के पडतात. तिच्याच भाषेत सांगायचं तर शेकडा दोन नव्हे, जवळजवळ अडीच.

हा 29.9 चा आकडा कंपनीने लपवला नव्हता. तो पत्रकात छापलेला होता, कारण रिझर्व्ह बँकेचं तसं बंधन आहे. 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार, 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना बँका आणि वित्त कंपन्यांनी हे पत्रक द्यायचं आहे. विम्यासारखे दुसऱ्याच्या वतीने घेतलेले पैसेही त्या वार्षिक दरात धरायचे आहेत. पत्रकात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. आणि पत्रक ‘कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत’ हवं. राज्याच्या भाषेत किंवा शाखेच्या भाषेत, असं तिथे म्हटलेलं नाही. मजकूर समजावून सांगितल्याची पोचही घ्यायची आहे. त्या मुलीने ती सही केली होती. न समजलेल्या कागदावर समजल्याची सही.

हे भाषेचं भांडण नाही, साहेब. कन्नड वाचणाऱ्याला कन्नड पत्रकच मिळायला हवं. माझं म्हणणं निपाणी, खानापूर आणि बेळगावच्या आसपासच्या गावांतल्या मराठी वाचणाऱ्या कर्जदारापुरतं आहे.

पण नुसतं ‘मराठीत द्या’ एवढ्यावर भागणार नाही. येळ्ळूरच्या एका ओळखीच्या माणसाने घरकर्जाचं मराठी पत्रक आणून दाखवलं, तेव्हा मला कन्नड पत्रकापेक्षा जास्त काळजी वाटली. त्यात ‘जप्ती शुल्क : शून्य’ असं छापलं होतं. तो बिचारा आठवडाभर झोपला नव्हता, घरावर जप्ती येणार म्हणून. मूळ शब्द होता फोरक्लोजर, म्हणजे मुदतीआधी सगळं कर्ज फेडणं. बदलत्या दराच्या घरकर्जात व्यक्तीकडून त्यासाठी शुल्क घेता येत नाही, म्हणून शून्य. ती त्याच्या सोयीची ओळ होती, आणि तीच त्याला धमकीसारखी वाटली.

दुसरी चूक याहून गंभीर. पीनल चार्जेसचं भाषांतर ‘दंडव्याज’ केलं होतं. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने दंडव्याजाची पद्धतच बंद केली. हप्ता चुकला तर दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिसळायचा नाही, मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याजही चढवायचं नाही. थकलेल्या रकमेवर कराराप्रमाणे नेहमीचं व्याज चालू राहतं, दंड त्याहून वेगळा. कागदावर ‘दंडव्याज’ आलं की कर्जदाराला आपला दर वाढला असं वाटतं, आणि उद्या कुणी खरंच दंडावर व्याज लावलं तरी तो तक्रार करणार नाही. तिथे ‘हप्ता चुकल्यास दंड’ एवढंच लिहावं आणि पुढे रक्कम.

व्याजाच्या प्रकाराचंही तसंच. ‘तरंगता दर’ म्हणजे काय, हे त्या माणसाला मलाच विचारावं लागलं. ‘बदलता दर’ म्हटलं की कुणालाही कळतं. पण त्या रकान्यात केवळ प्रकार लिहून चालत नाही. दर कशाला बांधला आहे, किती महिन्यांनी बदलतो आणि पाव टक्का वाढला तर काय होतं, हेही सांगायचं असतं. ‘25 आधार बिंदू’ वाचून काही उलगडत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं : 10 लाखांच्या 15 वर्षांच्या कर्जाचा दर 9 वरून सव्वानऊ झाला, तर 10,143 रुपयांचा हप्ता सुमारे 150 रुपयांनी वाढेल, किंवा हप्ता तेवढाच ठेवला तर सुमारे 6 हप्ते जास्त भरावे लागतील. माणूस ठरवतो ते हे वाचून.

आणि वार्षिक दराच्या त्या ओळीला ‘वार्षिक टक्केवारी दर’ म्हणू नये. कर्जदाराला तोच व्याजदर वाटतो, आणि वर 24 आणि खाली 29.9 बघून तो छपाईची चूक समजतो. ‘सगळे खर्च धरून वर्षाला पडणारा दर’ म्हणा. लांब आहे, पण कळतं.

म्हणून सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांनी बँकांकडून एकच मराठी नमुना मान्य करून घ्यावा. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे मराठी, आणि आकडे दोन्हीकडे एकसारखे, म्हणजे मोबाइलवर आलेल्या संदेशाशी ताडून बघता येतील. पक्का करण्याआधी तो बँकेबाहेरच्या चार-पाच कर्जदारांकडून वाचून घ्यावा. कर्जाच्या अर्जावरच ‘पत्रक कोणत्या भाषेत हवं’ असा रकाना ठेवावा. आणि पत्रक घरी नेऊ द्यावं. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात पत्रकातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवायच्या असतात. ही सवड घरी बसून विचार करण्यासाठीच आहे, पण मी पाहिलेल्या बहुतेक कर्जांत पत्रक आणि करार यांवर एकाच बैठकीत सह्या झाल्या आहेत.

आमच्याकडे पतसंस्था आणि सौहार्द संस्थांची कर्जंही खूप आहेत. त्यांना हे परिपत्रक लागू नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांमार्फत तोच नमुना त्यांच्यापर्यंत पोहोचवता आला, तर निदान विचारण्यापुरता कागद लोकांच्या हातात येईल.

त्या मुलीच्या आणि येळ्ळूरच्या त्या गृहस्थांच्या पत्रकाचं मी हाताने केलेलं मराठी, नावं आणि खाते क्रमांक काढून, आपल्या कार्यालयात आणून देतो. बैठकीत दाखवायला उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव