हनाबीतला इशारा

प्रिय सुहास,

आपली पानं फक्त इतरांना दिसतात आणि सगळ्यांनी मिळून प्रत्येक रंगाची 1 ते 5 अशी रांग लावायची, त्या हनाबीच्या पत्त्यांत तुमचा डाव 25 पैकी वीस गुणांच्या आसपास अडकतो, असं तू लिहिलंस. माझ्या मते स्मरणशक्तीत कमी नाही, इशारे महाग पडताहेत. चौघांचा हिशोब बघ. 50 पानांतली 16 वाटली की गड्डीत 34 उरतात. ती संपल्यावर प्रत्येकाला एकेक पाळी, म्हणजे पान लावायच्या किंवा टाकायच्या फार तर 38 खेळ्या. त्यांतल्या 25 पानं लावण्यात जायला हव्यात, तर टाकायला उरतात 13. प्रत्येक इशाऱ्याला एक चकती खर्चावी लागते; सुरुवातीच्या 8 चकत्या, टाकण्यातून परत आलेल्या 13 आणि पाचवं पान लागल्यावर मिळणाऱ्या 5, असे सगळे मिळून 26 इशारे. लावायच्या पानामागे जेमतेम एक! म्हणून 'हे लाल आहे' एवढंच सांगणारा इशारा परवडत नाही. त्यातून 'लाव' किंवा 'जप' हे कळलंच पाहिजे.

त्यासाठी आधी दोन गोष्टी ठरवून घ्या. नवं पान नेहमी डावीकडे घ्यायचं आणि टाकायची वेळ आली की इशारा न मिळालेल्यांतलं सर्वांत उजवीकडचं, म्हणजे सर्वांत जुनं, टाकायचं. मग इशारा त्या जुन्या पानावर आला तर 'जप'. तिथे आला नाही तर 'लाव', आणि दोन पानांवर आला तर त्यांतलं नवं लाव.

आता समज, टेबलावर लाल 2 पर्यंत लागलंय, निळा 1 आहे, पांढरं काहीच नाही. तुझ्यानंतर खेळणाऱ्याच्या हातात डावीकडून लाल 3, हिरवा 4, निळा 3, पांढरा 5 अशी पानं आहेत आणि एकावरही इशारा नाही. पांढरा 5 एकच असतो. तो गेला की 25 गुण विसर. त्यामुळे हात आपसूक '5' सांगायला जातो. पण तू 'लाल' सांग. तो टेबल बघून 3 ओळखेल, पान लावेल आणि त्या पाळीत काही टाकणारच नाही. त्याची पुढची पाळी येईपर्यंत मधल्या तिघांपैकी कुणीही '5' सांगू शकतं, फक्त चकती शिल्लक हवी. एकच चकती असेल आणि बाकीच्यांना टाकण्याजोगं पान नसेल, तर मात्र तू आधी '5'च सांग.

इथे 'पांढरा' असं कधी सांगू नकोस. पांढऱ्याची रांग रिकामी आहे, तेव्हा नवखा खेळाडू ते 1 समजून लावेल. चुकीचं पान लावल्याबद्दल एक फ्यूज जाईल आणि 5 सुद्धा जाईल. '3' सुद्धा नको. नियमाप्रमाणे निळा 3 ही दाखवावा लागेल, आणि ठरलेलं विसरून त्याने तोच लावला तर पुन्हा फ्यूज गेला.

आणखी एक. ज्या पानाला इशारा मिळालाय, त्याचंच जुळं दुसऱ्याच्या हातात दिसलं तर त्या जुळ्यावर इशारा देऊ नकोस. तो बिचारा ते शेवटपर्यंत जपत बसेल.

तुझा,
मकरंद