वाटीभर वरणात २२ ग्रॅम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला व्यायाम आणि प्रथिनांवरचा लेख वाचला. एरवी सोडून दिले असते. पण आमचे चिरंजीव तो लेख कापून फ्रीजवर चिकटवून बसले आहेत, आणि स्वयंपाक मला करायचा असतो.

लेखकमहाशय म्हणतात, वजने उचलणाऱ्याने दर पौंडाला एक ग्रॅम प्रोटीन घ्यावे. मुलाचे वजन ८४ किलो, म्हणजे १८५ पौंड, म्हणून रोज १८५ ग्रॅम. त्याच्या जिममधला ट्रेनरही हेच सांगतो आणि लगेच कपाटातून प्रोटीन पावडरचा डबा काढतो. तुमच्या लेखाखालीही अर्ध्या पानावर डब्याचीच जाहिरात होती. योगायोग असेल.

हा आकडा कुठून येतो, हे लेखात एका ओळीत सांगता आले असते. २०१८ साली मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ प्रयोग एकत्र करून पाहिले. दर किलोला साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवून स्नायूंत आणखी भर पडताना दिसली नाही. अशा हिशेबात थोडे मागेपुढे धरावे लागते, आणि त्याची वरची कड २.२ होती. दर पौंडाला एक ग्रॅम म्हणजे हीच कड. ती गरज म्हणून छापणे म्हणजे पाहुणे फार तर वीस येतील म्हटल्यावर रोज वीस पानांचा स्वयंपाक करणे. त्याच प्रयोगांत जादा प्रोटीनमुळे पडलेली भर सरासरी पाव-अर्धा किलोच्या आतबाहेर होती. त्याच्या कितीतरी पट काम नुसत्या वजने उचलण्याने झाले होते. व्यायाम न करणाऱ्याला आयसीएमआर दर किलोला ०.८३ ग्रॅम सांगते. म्हणजे उचलणाऱ्याला दुप्पट लागते हे खरे, पण दुप्पटच.

शिवाय कोणते वजन धरायचे? आमच्याकडच्या ८४ किलोंत पोटाचा वाटा मोठा आहे (आईने सांगितलेले चालते). चरबी प्रोटीनने पोसावी लागत नाही, म्हणून जास्त वजनाच्या माणसाने जिथे पोचायचे ते वजन धरावे. त्याचे ७४ धरले, तर ७४ गुणिले १.६, म्हणजे ११८ ग्रॅम. १८५ नव्हे.

आता मुख्य मुद्दा. लेखातल्या तक्त्यात 'एक वाटी वरण – २२ ग्रॅम' असे आहे. अहो, २२ ग्रॅम हे शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत! आमच्या वाटीभर वरणात जेमतेम तीस ग्रॅम डाळ असते, बाकी पाणी. म्हणजे साडेसहा ग्रॅम. आणि शेजारच्यांकडची गुजराती दाळ असेल तर विचारूच नका. तक्ता करणाऱ्याने डाळ कधी भिजत घातली आहे का?

मी खंडेराव मार्केटमधून आणलेले सगळे घरच्या काट्यावर तोलले. सकाळचे पोहे ६ ग्रॅम, दिवसभराच्या सहा पोळ्या २०, दोन वेळचे वरण १३, दूध-दही १५, भात-भाजी ६. झाले ६०. तुमच्या तक्त्याप्रमाणे दोन वाट्या वरणातच ४४ होतात, आणि मुलगा समजतो की आपण नव्वदच्या पुढे आहोत. म्हणजे गरज फुगवून सांगायची आणि ताटातले त्याहून फुगवून सांगायचे.

कमी पडतात ५८. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांचे २६, शंभर ग्रॅम पनीरचे १८, मूठभराहून जरा जास्त, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांचे १२. दोन ग्रॅमसाठी मी भांडणार नाही; ती दांडिया बाजारच्या कोपऱ्यावरच्या अंड्यांतून येतात, जी तो खातो हे मला ठाऊक नाही असा त्याचा समज आहे. पावडर घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. एका चमच्यात चोवीसेक ग्रॅम येतात आणि घाईच्या दिवशी सोय होते. पण एवढेच प्रोटीन वड्यांतून फार स्वस्तात मिळते.

धडधाकट माणसाची मूत्रपिंडे जादा प्रोटीनमुळे बिघडतात, हे लेखातले दुसरे टोकही निराधार आहे. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावे. बाकीच्यांचे जादा प्रोटीन स्नायूंत जमा होत नाही. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो, उरलेले जळते किंवा चरबी होते. नुकसान खिशाचे.

वरणाच्या आकड्याची दुरुस्ती छापावी, आणि तीही लेखाच्याच आकारात. चौथ्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नको. जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरे गेले दोन रविवार छापलीच नाहीत. ते काम तरी ट्रेनरकडे देऊ नये.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे