सुजीला पत्र: दिवाळीच्या हॅम्परचं सगळं

प्रतापनगर, नागपूर

प्रिय सुजी,

तुझा मेसेज वाचला, तुझ्या ऑफिसनं दिवाळीच्या हॅम्परचं काम तुझ्यावर टाकलं आणि साहेब म्हणून राहिले की दोन दिवसांत होऊन जाईल. फोनवर सांगितलं तर अर्धं विसरशील, म्हणून लिहितेच. मी दरवर्षी या ऑर्डरी घेते, आणि गेल्या दिवाळीत हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीचे 240 डबे केले ते अजून डोक्यात ताजे आहेत, तेच सांगते.

सगळ्यात आधी लिस्ट. डबा कसा दिसेल, रिबन कुठली, हे नंतर. लोक काय करतात, "रेग्युलर इतके, शुगरवाले इतके" असं एचआरकडून तोंडी विचारतात आणि तेवढ्यावर ऑर्डर देऊन टाकतात, आणि मग ज्याला शुगरपण आहे आणि जो कांदा-लसूणपण खात नाही तो माणूस कुठल्या आकड्यात धरायचा हेच कोणाला माहीत नसतं. म्हणून शीटमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ आणि प्रत्येक वस्तूचा एक कॉलम कर, ज्याला जे द्यायचं तिथे 1, नाही तिथे 0. व्हेंडरची ऑर्डर म्हणजे त्या कॉलमची बेरीज, बस.

आमच्या 240 मध्ये 26 जण शुगरवाले होते, 20 जण कांदा-लसूण न खाणारे (चातुर्मासवाले आणि जैन कुटुंबं), आणि 3 जणांना सुक्यामेव्याची अॅलर्जी. त्यात 2 जण शुगर आणि कांदा-लसूण दोन्हीत. म्हणजे साधे डबे 193, फक्त शुगरचे 24, फक्त बिनलसणाचे 18, दोन्हीचे 2, अॅलर्जीचे 3, झाले 240. काजूकतली लागली 211 लोकांना, शुगरवाल्यांना तिच्या जागी भाजलेले मखाने. शुगर-फ्री मिठाई मी देत नाही, तिच्यात बहुतेक वेळा तूप आणि खवा असतो आणि लोक बिनधास्त दोन तुकडे जास्त खातात. नेहमीचा चिवडा 217, बिनलसणाचा 20. अॅलर्जीवाल्या तिघांना सुकामेवा, कतली, चिवडा यातलं काहीच नाही, त्यांना कंपनी पॅक सीलबंद खजूर, आणि त्याच्या मागे अॅलर्जीची सूचना वाचूनच घेतला. मखाने पण त्यांना नाहीत, कारण आमचा मखानेवाला त्याच कढईत काजूपण भाजतो. हे त्याला विचारल्याशिवाय तो स्वतःहून सांगत नाही गं, विचारावंच लागतं.

आता ऑर्डरी. सुकामेवा मी इतवारीतून घेते. 237 बरण्या, 200 ग्रामच्या, म्हणजे 47 किलो 400 ग्राम, मी 49 मागवला. तुकडा, भुसा, वजनाचा फरक धरून तेवढा वर लागतोच. रिकामे डबे 250 घेतले, कारण कोपरे दबलेले निघतातच, आणि प्रिंटवाला नवरात्र लागलं की 10 डब्यांसाठी परत मशीन लावत नाही. डब्याची ऑर्डर द्यायच्या आधी मात्र एक सँपल डबा, खरी बरणी आणि खरं मिठाईचं बॉक्स घेऊन झाकण लावून बघ. बाहेरचं माप सांगतात सगळे, आतलं कोणी सांगत नाही, आणि बरणी अर्धा इंच उंच निघाली तर झाकण फुगून राहते.

मिठाईवाल्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घे: कतली 250 ग्राम ती बॉक्सचं वजन सोडून, तुकडे एकाच मापाचे कापलेले, आणि बॉक्सवर बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं ते. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर पण कधीपर्यंत चांगली ते लिहायचं हा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे, त्यामुळे दुकानदार नाही म्हणू शकत नाही. काजूकतली बऱ्यापैकी टिकते म्हणून मी ती घेते. खव्याची बर्फी आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात, टिनाच्या शेडखाली, मला नकोच. संत्रा बर्फी द्या असं कंपनीवाले हमखास म्हणतात, नागपूर म्हटलं की तेच, पण ती द्यायचीच असली तर वाटायच्या दिवशीच आण.

एक खास सांगते, उटण्याचं. डब्यात उटणं किंवा साबण असला की त्याचा वास कतलीत जातो, पुठ्ठ्याच्या बॉक्सनं तो अजिबात अडत नाही. मी उटणं आधी चांदीसारख्या फॉईलच्या पाऊचमध्ये सील करते आणि मग डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवते. तुझ्याकडे कसं होतं ते आधीच बघ: एक पूर्ण डबा भरून दोन दिवस बंद ठेव, मग कतलीचा तुकडा खा. कपूरकाचरी जिभेवर आली की समजून जा, पाऊच बदलायचं.

पॅकिंग मी उलट मोजते, वाटायच्या दिवसापासून मागे. धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी वाटप ठेवलं, म्हणजे गावी जाणारे निघून जायच्या आत मिळतं. कतली आदल्या सकाळी येते, त्याच्या आधी बाकी सगळं डब्यात बसलेलं असतं. पहिल्या टेबलवर डबे उघडून कागदाचा चुरा, मग बरणी, मग चिवडा, मग उटणं. शेवटी कतली, मग वजन, आणि वजन झाल्यावरच पणत्या, मग झाकण. पणत्या वजनानंतर का, तर मातीच्या दोन पणत्यांचं वजन कधीच सारखं नसतं, आणि त्यांचा फरक उटण्याच्या पाऊचला झाकून टाकतो. आमचा साधा डबा पणत्यांशिवाय 1 किलो 60 ग्राम भरत होता (डबा 220, बरणी 230, चिवडा 255, कतली बॉक्स धरून 300, उटणं 55), आणि मी 20 ग्रामपर्यंत इकडे-तिकडे चालवून घेतलं. 55 कमी आले की उटणं राहिलं, 255 कमी आले की चिवडा, उघडून शोधत बसायची गरज नाही.

पण काटा एक गोष्ट पकडत नाही, लसणाचा चिवडा आणि बिनलसणाचा चिवडा वजनाला एकच. म्हणून वेगळे 47 डबे मी साध्याच्या आधी, टेबल पुसून, वेगळ्या वेळी भरते, दोन पोरीच बसतात, एक नाव वाचते आणि एक भरते, आणि भरल्या भरल्या रंगीत ठिपक्याचं स्टिकर आणि माणसाचं नाव बाहेर लागतं. अॅलर्जीच्या तीन डब्यांवर लाल ठिपका, त्यांना पॅकिंग टेप मारून मी ताबडतोब दुसऱ्या खोलीत ठेवते. साध्या डब्यांवर नाव लावतच नाही, वाटताना कोणालाही कोणताही.

आणि वाटप करताना रात्रपाळीवाल्यांचे डबे सुपरवायझरकडे सोडू नकोस, सहीची शीट दे, नाव असलेले डबे त्याच नावापुढे सही घेऊनच जाऊ दे. गेट पासवर डब्यांची संख्या टाकायला सांग, नाहीतर सिक्युरिटीवाला टेम्पो अडवून ठेवतो आणि कतली उन्हात.

तुझी शीट झाली की मला पाठव, कॉलमच्या बेरजा मी एकदा बघून देते. इतवारीच्या माझ्या सुकामेवावाल्याला तुझ्याबद्दल सांगून ठेवलं आहे, अमरावतीला माल पाठवतो तो, फक्त नवरात्राच्या आत ऑर्डर दे. आईला नमस्कार, आणि पिंट्याच्या परीक्षेचं कळव.

तुझी,
वैशू