प्रयोगशाळेचं अंदाजपत्रक: सभेआधी तू एकदा वाच

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या शनिवारी आमच्या संस्थेची सभा आहे आणि प्रयोगशाळेचं अंदाजपत्रक मला मांडायचंय. संस्थेने दीड लाख रुपये बाजूला काढलेत. तू साताऱ्याला कार्यवाह म्हणून असे कागद टेबलाच्या पलीकडून वाचतोस, म्हणून तुलाच आधी लिहितोय.

सभेतल्या दोघातिघांना इंटरॅक्टिव्ह बोर्ड हवाय. त्याचं कोटेशन 1,40,000 चं, म्हणजे तो घेतला की बाकी सगळं राहिलंच. मी तो यादीत शेवटी टाकलाय. एखादी वस्तू नसेल तर कुणाला इजा होईल का, आणि मग कोणता प्रयोग अडेल, एवढंच विचारून क्रम लावलाय.

पहिल्या क्रमांकावर सिंक आणि सांडपाण्याची पाइपलाइन आहे. सदस्य इथेच भुवया उंचावतील, याची मला खात्री आहे. आमची सहाही सिंक स्टीलची आहेत. हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीललाही खातं, त्यामुळे तळाला बारीक भोकं पडलीत. खालचे लोखंडी ट्रॅप गंजून तुंबतात, आणि सिंक तुंबलं की मुलं नळ बंद ठेवतात. आता डोळ्यात आम्ल उडालं तर पहिला उपाय म्हणजे वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुणं. तुंबलेल्या सिंकवर पंधरा मिनिटं नळ कोण सोडणार? म्हणून पॉलिप्रॉपिलीनची सहा सिंक, प्रत्येकी 6,500, आणि प्लास्टिकचे पाइप व प्लंबरची मजुरी मिळून 19,000. एकूण 58,000. याच ओळीला जोडून पन्नास गॉगल, 120 प्रमाणे 6,000. गॉगल स्वस्त आहेत म्हणून ते खाली ढकलू नयेत, असं मी कागदावर स्पष्ट लिहिलंय.

दुसरं वीजकाम, 21,000. कुणीतरी नक्की म्हणेल, 'एमसीबी आहेत की!' पण एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा विद्युतप्रवाह कळतही नाही, आणि जीव जायला तर काही दशक मिलिअँपिअरही पुरे होऊ शकतात. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीलाच वीज तोडतो. ओल्या हातांनी बॅटरी एलिमिनेटर हाताळणाऱ्या मुलांसाठी तो हवाच. त्याच रकमेत नवं अर्थिंग आणि जुन्या सॉकेटची बदली येते. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबून बघायचं काम आमच्या प्रयोगशाळा सहायकांकडे असेल.

तिसऱ्या क्रमांकावर सूक्ष्मदर्शक. इथे मला सर्वात जास्त बचत दिसते. वर्गात 48 मुलं, चारांचा गट, म्हणजे बारा हवेत. डेड स्टॉक रजिस्टरवर नऊ आहेत आणि त्यातले पाचच चालतात. पुरवठादार म्हणतो सगळे बदला, बारा नगांचे 66,000. मी बंद पडलेले चारही तपासले. एकाचा आरसा फुटलाय, एकाची नळी स्क्रूवर टिकत नाही, खाली घसरते. उरलेल्या दोघांत डाग दिसतात. आयपीस फिरवला की डागही फिरला तर तो आयपीसमध्ये असतो. स्लाइडबरोबर सरकला तर स्लाइडवर. दोन्ही वेळा जागचा हलला नाही तर बहुधा ऑब्जेक्टिव्हमध्ये. आपल्या कोकणच्या दमट हवेत तिथे बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. हे दोन्ही डाग ऑब्जेक्टिव्हमधले निघाले, पण बुरशी अजून काचेत खोल उतरलेली नाही. दुरुस्ती प्रत्येकी 900 धरून 3,600, आणि नवे तीन 5,500 प्रमाणे 16,500. म्हणजे 20,100 मध्ये बारा पूर्ण. पावसाळ्यात ते सिलिका जेल घातलेल्या बंद पेटीत राहतील, नाहीतर तीच बुरशी परत येईल.

इथपर्यंत 1,05,100, जीएसटी धरून. भिंत फोडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून दहा टक्के वरखर्च, 10,510. उरलेल्या 34,390 मधून 18,000 रसायनं आणि काचसामानाला. ही रक्कम मात्र दरवर्षी लागणार, तेव्हा ती एकदाच्या खर्चात मिसळू नये. तिचं वेगळं शीर्षक ठेवावं, असं मी सुचवतोय. बाकी 16,390 संस्थेकडेच राहू दे. सुट्टीत पाइप बदलताना फरशी उखडावी लागली तर उपयोगी पडतील.

तुला दोन गोष्टी विचारायच्यात. सिंकसाठी माझ्याकडे तीन कोटेशनं आहेत आणि सर्वात स्वस्त मी घेतलेलं नाही, कारण त्यात जुनी पाइपलाइन काढायची मजुरी धरलेली नाही. तुलनात्मक तक्त्याखाली एवढा शेरा पुरेल का? आणि दरवर्षीच्या 18,000 साठी आताच ठराव मागावा, की पुढच्या आर्थिक वर्षाच्या सभेत? गुरुवारपर्यंत फोन कर. शुक्रवारी मला प्रती काढायच्यात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदानंद