कोकराचा न्याय

नागपूर

प्रिय सुमेधा,

तुझं पत्र वाचलं. दुबळ्यांवर दया करू नका असं सांगणाऱ्या नीत्शेला अभ्यासक्रमात ठेवलंच कशाला, हा तुझा राग मला पटतो. पण ‘दया करू नका’ एवढंच त्याचं म्हणणं असतं, तर त्याला उत्तर देणं फार सोपं होतं. तो त्याहून अडचणीचं बोलतो.

त्याच्यासमोर शोपेनहॉवर होता. करुणा हाच सगळ्या नीतीचा पाया, असं शोपेनहॉवरनं 1840 मध्ये मांडलं होतं. नीत्शे 1887 च्या ‘नीतीची वंशावळ’मध्ये विचारतो, करुणेला हे आसन कधी मिळालं आणि कुणी दिलं? प्लेटो, स्पिनोझा, ला रोशफुको, काण्ट यांचं एकमेकांशी क्वचितच जुळतं, पण करुणेला कमी लेखण्यात चौघांचं एकमत, हे तो प्रस्तावनेतच सांगतो. म्हणजे करुणेचं हे मोठेपण सनातन नाही. त्याला इतिहास आहे.

तो इतिहास या पुस्तकाच्या पहिल्या निबंधात येतो. चांगलं-वाईट ठरवताना स्वामी स्वतःपासून सुरुवात करतो: मी बलवान, मोकळा, म्हणून मी चांगला. बाकीचे हलके, सामान्य. त्यांच्यावर त्याचा रागही नसतो. दास दुसऱ्यापासून सुरुवात करतो: तो मला तुडवतो, म्हणून तो दुष्ट. मी त्याच्यासारखा नाही, म्हणून मी चांगला. उलट वार करता येत नाही तेव्हा मनात मुरत जाणाऱ्या या आकसाला नीत्शे ‘रसाँतिमाँ’ म्हणतो. हाच आकस पुढे नवी मूल्यं घडवतो, असा त्याचा दावा आहे.

त्याच निबंधाचा तेरावा परिच्छेद सावकाश वाच. शिकारी पक्षी कोकरं उचलून नेतात. कोकरांना त्यांचा राग येणारच, यात नीत्शेला काही वावगं दिसत नाही. वावगं पुढे घडतं. कोकरं म्हणतात, पक्ष्याला कोकरू व्हायची मोकळीक होती, तरी तो पक्षीच राहिला, म्हणून तो दोषी. चमकण्यापासून वीज वेगळी काढावी, तसा इथे कर्त्याला कृतीपासून वेगळं काढलंय. आणि एकदा हे मान्य केलं की दुबळेपणाही निवडलेला ठरतो. सूड घेता आला नाही, त्याची क्षमा होते. भित्रेपणाची नम्रता होते. अशा नीतीत सोसणाराच सगळ्याचं माप ठरतो, मग त्याच्याविषयीचा कळवळा सर्वोच्च सद्गुण होणारच. पण आकस जातो कुठे? नीत्शे ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसचं वचन पुढे ठेवतो: स्वर्गातले पुण्यवान नरकातल्यांच्या शिक्षा बघतील, म्हणजे त्यांचा आनंद आणखी वाढेल. प्रेमाच्या धर्मात हे आलं कुठून, हा त्याचा सवाल मला आजही टाळता येत नाही.

त्याचा दुसरा आक्षेप याहून वेगळा आहे आणि मुलं दोन्ही एकत्र कालवतात. दया करणारा समोरच्याचं दुःख वरवर वाचतो. त्या दुःखातून त्या माणसात काय घडतंय हे त्याला दिसत नाही, आणि मदत करता करता तो त्याला लहान करतो. परवा आमच्या गल्लीत एकजण बाईला जुने स्वेटर देत होता. डावा हात पुढे, उजव्यात फोन, फोटो निघेपर्यंत स्वेटर सोडलाच नाही. बाई फोनकडे बघत उभी होती.

आता नीत्शेची मर्यादा. एखादं मूल्य आकसातून जन्मलं म्हणून ते खोटं ठरत नाही. हे तो स्वतःच मान्य करतो: उगम कळला तरी मूल्याची किंमत ठरवायची बाकीच राहते. तुझ्या निबंधात हे आलंच पाहिजे, नाहीतर परीक्षक पहिल्याच पानावर अडवेल.

आणि इथे मला आपली दीक्षाभूमी आठवते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही एक आहे. नीत्शेच्या हिशेबानं ही ‘दासां’ची करुणा, म्हणजे झाकलेला सूड असायला हवी. पण ‘अँटीख्राइस्ट’मध्ये तोच बौद्ध धर्माला आकसापासून मुक्त म्हणतो. कारण देतो की हा धर्म वरच्या, सुशिक्षित वर्गात उगवला. त्याच पुस्तकात तो मनुस्मृतीची स्तुतीही करतो. बाबासाहेबांनी हे नातं नेमकं ओळखलं होतं आणि नीत्शेला मनूच्या शेजारी बसवलं होतं.

नागपुरात तर तळातल्या माणसांनी जुने देव नाकारले, जात नाकारली, आणि त्याच दमात करुणा स्वीकारली. त्यांनी स्वतःचं नाव स्वतः ठेवलं, तेही उघड्यावर, लाखोंच्या साक्षीनं. यात आकस नव्हताच असं मी म्हणणार नाही; शतकांचा राग होता आणि तो रास्त होता. पण तो राग वर्तनात उतरला, नरकाच्या स्वप्नात मुरला नाही. नीत्शेच्या स्वतःच्याच कसोटीवर हे स्वामीचं लक्षण. म्हणून मला वाटतं, त्याची कसोटी चांगली आहे, पण ती कुणाला लागू पडते याचा त्याचा अंदाज चुकला.

पहिल्या निबंधाचे तेरा ते पंधरा आणि ‘अँटीख्राइस्ट’चे वीस-एकवीस हे परिच्छेद शेजारी ठेवून वाच. माझं म्हणणं कुठे सैल वाटलं तर स्पष्ट लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैशाली