आठवड्याची बेरीज नको, रोजचा हिशोब द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कास्टिंगच्या कारखान्यात मी २६ वर्षं टाइमकीपर होतो. हजेरी लावणं, पंचिंग कार्डं तपासणं, आठवड्याचा पगार काढणं एवढंच माझं काम. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा पगाराची चिठ्ठी घेऊन आला. तो कंत्राटदाराकडून मशीन शॉपमध्ये कामाला जातो. म्हणाला, "काका, आठवड्यात दोनदा उशिरापर्यंत थांबलो, तरी डबलचा एक रुपया दिसत नाही. जरा बघता का?"

चिठ्ठीच्या मागं छापलं होतं, "आठ तासांवरील कामास दुप्पट दर." पुढच्या बाजूला मात्र एकच ओळ: एकूण तास ४८, दर ८० रुपये, पगार ३८४० रुपये. ओव्हरटाइमच्या रकान्यात शून्य. आठवड्याचे ४८ तास भरले, त्यावर काही नाही, म्हणून ओटी नाही, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

पोरानं शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. रोज गेटवर आत जातानाची आणि बाहेर पडतानाची वेळ त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. त्यांची सुट्टी सोमवारी असते. जेवणाचा अर्धा तास वजा करून मंगळवारपासून तास काढले. मंगळवार १०, बुधवार ८, गुरुवार ६, शुक्रवार ११, शनिवार ८, रविवार ५. गुरुवारी मुलाच्या शाळेत जायचं म्हणून तो लवकर निघाला होता आणि रविवारी गावच्या म्हाईला. बेरीज ४८च होते, त्यात खोट नाही. खोट आहे ती बेरीज कशाची केली त्यात.

"आठ तासांवर डबल" याचा अर्थ त्या दिवशीच्या आठ तासांवर. मंगळवारचे दोन आणि शुक्रवारचे तीन असे पाच तास त्यानं आधीच वर काम केलेलं आहे. गुरुवारी तो कमी थांबला म्हणून मंगळवारी मशीनवर काढलेले दोन तास परत जात नाहीत. गुरुवारचे दोन आणि रविवारचे तीन तास कमी भरले, त्याचा पगार त्यानं त्या दिवशी गमावलाच आहे. तेच तास दुसऱ्या दिवसाच्या ओटीतून पुन्हा वळते करणं म्हणजे एकाच खाड्याचे दोनदा पैसे कापणं. (वीज गेली, माल आला नाही म्हणून कारखान्यानंच घरी पाठवलं असतं तर गोष्ट आणखी वेगळी. रोजंदारीवरच्या माणसाला काम मालकाकडून मिळालं नाही, तर वेतन संहिता त्याला पूर्ण दिवसाचा पगार द्यायला सांगते.)

आता खरा पगार काढू. रोज ६४० रुपये, म्हणजे तासाला ८० आणि डबलचा दर १६०. आठच्या आतले तास मंगळवार ते रविवार ८, ८, ६, ८, ८, ५ असे ४३. त्यांचे ३४४० रुपये. वरच्या पाच तासांचे ८००. एकूण ४२४०. हातात पडले ३८४०, म्हणजे एका आठवड्यात ४०० रुपये कमी. मी आमच्या ऑफिसात ताळा करायचो तो असा: सगळे तास एकदा साध्या दरानं धरायचे आणि वरचे तास तेवढे त्याच दरानं पुन्हा एकदा मिळवायचे. ४८ तासांचे ३८४० आणि पाच तासांचे आणखी ४००. तेच ४२४० येतात. डोक्यात करता येण्यासारखा हिशोब आहे, म्हणून कामगारांनी तो लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, कायदा तर नऊ तासांचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५९ मध्ये दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलं की दुप्पट, असं होतं खरं. पण तिथंही शब्द "किंवा" होता. त्या हिशोबानंही मंगळवारचा एक आणि शुक्रवारचे दोन असे तीन तास निघतात, शून्य कधीच येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामाची सुरक्षा, आरोग्य आणि परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेनं तर कामाचा दिवस आठ तासांचा धरला आहे. आणि वाढीव काम दिवसावर मोजायचं की आठवड्यावर, यात कामगाराच्या फायद्याचं असेल ते धरावं, असं तिच्या कलम २७ मध्ये आहे. या पोराच्या बाबतीत तर चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच आठ तास छापले आहेत.

आणखी एक गोष्ट मला या पत्रातून मुद्दाम सांगायची आहे, कारण ती चिठ्ठीवर दिसतच नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस रविवारी दुपारी साडेचारला आत गेला आणि ऑर्डर अर्जंट म्हणून त्याला पहाटे चारपर्यंत थांबवलं. जेवणाची सुट्टी वजा जाता ११ तास काम झालं, म्हणजे तीन तास डबल. पण पंचिंगचं मशीन रात्री बाराला तारीख बदलतं. रविवारचे सात तास आणि सोमवारचे चार, अशी नोंद पडते. दोन्ही आकडे आठच्या आत, त्यात सोमवार सुट्टीचा, म्हणून ते चार तास पुढच्या आठवड्यात जातात. तीन तासांचा डबल असा गायब होतो आणि ८० च्या दरानं २४० रुपये जातात. पाळी मध्यरात्र ओलांडून जात असेल तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे, असं १९४८ च्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये स्पष्ट होतं आणि नव्या संहितेतही तीच तरतूद आहे. आमच्याकडं कार्डं होती तेव्हा मी लाल पेनानं ते तास मागच्या दिवसावर ओढून घ्यायचो. आता मशीनचं सेटिंग करणाऱ्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. सगळीकडं लबाडीच असते असं माझं म्हणणं नाही. पण चूक नकळत झाली तरी पैसे कामगाराचेच जातात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिथं जिथं आठवड्याचा पगार होतो, तिथं चिठ्ठीवर एकूण तासांच्या ओळीऐवजी रोजचा एक असे सहा रकाने असावेत. प्रत्येकात आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, आठच्या आतले तास आणि वरचे तास. कारखान्यांच्या संगणकात हे सगळं असतंच, फक्त छापायचं असतं. आणि कंत्राटदाराच्या चिठ्ठीवर मूळ कारखान्याच्या टाइम ऑफिसची सही असावी.

त्या पोरानं डायरीचं पान आणि माझा हिशोब एका कागदावर उतरवून सुपरवायझरला दिला. पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठीत फरकाचे ४०० रुपये आले. ओळ मात्र अजून तशीच आहे, एकूण तासांची. त्याच्यासोबत त्याच मशीनवर असलेले चौघं डायरी ठेवत नाहीत. त्यांचे किती गेले हे आता कुणालाच काढता येणार नाही.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर,
राजारामपुरी, कोल्हापूर